उतारावर समतल बांध, कातळावर शेततळं: घाटावरची कामं आमच्या कोकणात चालतील का?

चाकरमानी७४

मंडळी, लांजा तालुक्यात आमची साडेतीन एकर वरकस जमीन आहे. वर कातळाचा सडा, मध्ये उतार, खाली व्हाळ. व्हाळापासून चाळीस पावलांवर विहीर, खोली 28 फूट. गणपतीत तिच्या काठावर बसून तांब्याने पाणी घेता येतं आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तळाचा कातळ दिसतो. गेल्या जूनमध्ये उतारावर काजूची 100 कलमं लावली (वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७). उन्हाळ्याच्या तोंडाशी आत्ताच 31 वाळलीत.

डिसेंबरात मित्राच्या गावी माण तालुक्यात गेलो होतो. तिथली जलसंधारणाची कामं बघून थक्क झालो. आमच्याकडे पडतो त्याच्या सहाव्या हिश्श्याइतका पाऊस आणि मार्चमध्ये विहिरीला पाणी! आल्यापासून डोक्यात तेच आहे. ठरवलंय असं: उतारावर समतल बांध, व्हाळात सिमेंटचा बंधारा आणि सड्यावर 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं, आत प्लॅस्टिक. जेसीबीवाल्याने शिमग्यानंतरची तारीख दिली आहे. तिन्ही कामं एका वर्षात होणार नाहीत, पैसे तेवढे नाहीत. आधी काय करू?

कुडाळकर_बाबल्या

अरे बाबानू, आमच्या हय जून ते सप्टेंबर पाण्याक जा जा म्हणूचा लागता, आणि तुमी अडवूक निघालास!

सिव्हिल_सावंत

आधी बंधारा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत हीच कामं केली. सिमेंटचा बंधारा एकदा बांधला की व्हाळात पाणी तुंबतं, ते जमिनीत मुरतं आणि विहिरीला लागतं. विहीर चाळीस पावलांवर म्हणजे तर उत्तमच. शेततळं नंतर बघा.

मत्स्यप्रेमी

30 बाय 30 च्या तळ्यात रोहू-कटला किती सोडता येतील? आमच्या मेहुण्याने पनवेलजवळ केलंय, फायदा आहे म्हणतो. प्लॅस्टिक असलं तर माशांना चालतं का?

माणदेशी

चाकरमानी, तुम्ही आमच्याकडची कामं बघून गेलात हे वाचून बरं वाटलं. म्हसवडच्या बाजूला अठरा वर्षं याच कामात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आमच्याकडे वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस. तोही चार-पाच दणक्यांत पडतो आणि मधे महिना महिना कोरडा. त्यामुळे आमचा सगळा खटाटोप पडलेलं पाणी पळू न देण्याचा. समतल बांध त्यासाठीच. 3 टक्के उताराचं रान घ्या. आमच्या हिशेबाने दोन बांधांमध्ये 90 सेंटिमीटरचा उतार ठेवायचा, म्हणजे बांध साधारण 30 मीटरवर एक येतो. मोठ्यात मोठा म्हणून एका दिवसात 150 मिलिमीटर पाऊस धरा. त्यातलं निम्मं वाहिलं तर बांधाच्या दर मीटर लांबीमागे सव्वादोन घनमीटर पाणी येऊन टेकतं. बांधाशी ते 37 सेंटिमीटर उंच साचतं आणि मागे 12 मीटरपर्यंत पसरतं. दोन-तीन फुटांचा बांध त्याला पुरून उरतो. मुख्य म्हणजे पुढचा दणका यायच्या आत ते पाणी जिरलेलं असतं.

आता तुमचा उतार. वरकस म्हणताय, म्हणजे 10 टक्के तरी असेल. उतार वाढला की आमच्या हिशेबात तो 90 सेंटिमीटरचा आकडाही वाढतो, 10 टक्क्यांना 160 होतो, म्हणजे बांध 16 मीटरवर आला. जुलैत एका दिवसात 300 मिलिमीटर तुमच्याकडे नवलाचं नाही, आणि रान भिजून टिच्च झालेलं असल्यामुळे त्यातलं 70 टक्के तरी वाहणार. बांधाशी पाणी 80 सेंटिमीटरच्या वर चढतं. आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढंच! बांध रिकामा व्हायला सवडच नाही. कुठंतरी एक खेकड्याचं बीळ असतं, तिथून धार लागते, वरचा बांध फुटतो, त्याचं पाणी खालच्यावर येतं आणि एका रात्रीत सगळी रांग जाते. आमच्याकडे 2019 च्या परतीच्या पावसात असं झालेलं मी डोळ्यानं बघितलंय. तुमच्याकडं ते दर जुलैत होईल.

गडगा

माणदेशींना +१. एक जोडतो. कोकणात भातखाचरांची मेर म्हणजे बांधच की. पण आपल्या वाडवडिलांनी प्रत्येक मेरेला तोंड ठेवलंय, जादा पाणी खालच्या कुणग्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात, शेवटी व्हाळात. अडवायचं तेवढं अडवलं, बाकीच्याला वाट दिली.

सिव्हिल_सावंत

माणदेशींचं गणित बरोबर, पण अर्धंच. समतल बांधालाही सांडवा असतोच. टोकाला दगडी सांडवा द्या, बांध फुटणार नाही. सांडवा न देता बांध घालणारे कंत्राटदार दोषी, बांध नव्हे.

माणदेशी

सांडव्याचं अगदी खरं आहे सावंतसाहेब. आमच्याकडं फुटलेल्या दहांतल्या सातांना सांडवाच नव्हता किंवा शेतकऱ्यानं नांगरून बुजवला होता. पण यांच्याकडं सांडवा जून ते सप्टेंबर सतत वाहता ठेवावा लागेल. मग बांधानं काय कमावलं? माती अडेल, ते चांगलंच. पण सप्टेंबरात अडवलेल्या पाण्याचा एप्रिलमधल्या विहिरीला उपयोग होईल ही आशा मात्र धरू नका. का ते जांभा जाणणारं कुणी सांगा, माझा अभ्यास काळ्या दगडाचा.

सुलभा_रत्नागिरी

मी सांगते. मी भूजलावर काम केलं आहे आणि माहेर राजापूरचं, त्यामुळे जांभा दोन्हीकडून माहीत आहे.

जांभा वरून कातळ दिसतो पण आत भोकाभोकांचा, स्पंजसारखा. पाऊस त्यात भराभर शिरतो. खाली गेल्यावर बहुतेक ठिकाणी पांढरट, गुलाबी चिकणमाती लागते, आमच्याकडे तिला शेडी म्हणतात. तिच्यातून पाणी खाली जात नाही. मग ते शेडीच्या माथ्यावरून आडवं सरकत सड्याच्या कडेला बाहेर पडतं, तेच आपले झरे. सड्याला वरून भरत राहणारी पण बुडाला भोक असलेली टाकी समजा. पाऊस थांबला की डिसेंबरपर्यंत मोठा भाग झऱ्यांवाटे ओसरून व्हाळातून समुद्राला मिळतो.

म्हणून जुलैत आणखी पाणी मुरवण्यात अर्थ नाही, टाकी तेव्हा काठोकाठ असते. माणमध्ये प्रश्न पाणी पकडायचा आहे. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर जे झिरपत बाहेर येतं ते थोपवायचा आहे. दोन्हीला जलसंधारणच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

आणि उतारावर जेसीबी लावण्याआधी एक विनंती. उताराची माती खोल असेल आणि खाली शेडी असेल तर चर खणून पाणी मुरवू नका. शेडी भिजली की साबणासारखी होते. 22 जुलै 2021 ला महाडजवळ तळियेत दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे चर होते असं मी म्हणत नाही, अतिवृष्टी आणि उतार हे कारण पुरेसं होतं. पण खाली घरं असलेल्या उतारावर मुद्दाम पाणी कशाला भरायचं?

गडगा

सुलभाताई, जरा जास्तच होतंय. आमच्याकडे आंब्याच्या बागांना उतारावर पिढ्यानपिढ्या गडगे आणि टप्पे आहेत, एकही घसरला नाही.

सुलभा_रत्नागिरी

गडग्यातून पाणी पार होतं हो, तो कोरड्या दगडाचा. चर पाणी धरून ठेवतो. फरक तिथेच आहे.

गडगा

तरी 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल चराने डोंगर सरकेल हे पटत नाही.

सुलभा_रत्नागिरी

प्रत्येक ठिकाणी सरकेल असं नाही. कुठे सरकणार नाही हे तुम्ही आधी सांगू शकता का? मी नाही सांगू शकत.

हिवरेभक्त

लोकहो, एवढी चर्चा करण्यापेक्षा हिवरे बाजार बघून या. 400 मिलिमीटर पावसात गाव पाणीदार झालं. इच्छाशक्ती पाहिजे.

माणदेशी

हिवरे बाजारला बंधाऱ्यांइतकेच नियम कामाला आले दादा. शेतीला बोअर मारायची नाही, ऊस लावायचा नाही, आणि दर वर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पिकं ठरवायची. हे सोडून लोक नुसत्या चरांचे फोटो काढून नेतात. आमच्याच भागात शेततळी बघा. पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरायची म्हणून काढली, आणि निम्मी विहीर-बोअरच्या पाण्यावर भरली जातात. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात मांडायचं! ज्याच्याकडं तळं, त्याची डाळिंबं जगली. शेजाऱ्याची विहीर एक महिना आधी आटली.

मत्स्यप्रेमी

माझ्या प्रश्नाचं राहिलं.

कुडाळकर_बाबल्या

मत्स्यप्रेमी, आधी तळा तरी होऊ दे. मगे बांगडे सोड.

वैदेही_दापोली

शेततळ्यावर मी बोलू शकते, कारण भोगलंय. चार वर्षांपूर्वी सड्यावर 20 बाय 20 चं काढलं. कातळ फोडायला ब्रेकर लावावा लागला, खर्च अंदाजाच्या दुप्पट. जांभ्याला कोयत्यासारख्या कडा निघतात. त्यावर चार इंच बारीक माती पसरून मगच 500 मायक्रॉनचा कागद अंथरायचा होता. कामगारांनी तळाला माती टाकली आणि बाजूंना नुसतं खरडलं. पहिल्याच वर्षी दिवाळीपर्यंत पाणी दीड फूट उतरलं. पण खरी गंमत दुसऱ्या वर्षी झाली.

मेअखेर तळं पूर्ण रिकामं करून कागदाला ठिगळं मारली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बघायला गेले तर तळ्याच्या मध्यभागी काळा, तुकतुकीत, पाच-सहा फूट उंच फुगा! पोट वर करून म्हैस झोपावी तसा. काठावरून दगड मारला तर डबडब आवाज. सड्यात पाणी चढलं होतं, ते कागदाखाली साचलं आणि वर भार काहीच नव्हता म्हणून कागद उचलला गेला. दोन शिवणी सुटल्या.

आता मी मेमध्ये तळाला हातभर पाणी राखते. शिवाय तळ्याच्या वरच्या अंगाला कातळात चर मारून पाणी बाजूला काढलंय. त्यानंतर फुगा आला नाही. कुंपण विसरू नका, आणि काठाला गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा. प्लॅस्टिकवरून माणूस काय कुत्रंही वर चढू शकत नाही.

चाकरमानी७४

वैदेहीताई, म्हशीचं वर्णन वाचून झोप उडाली. पण मग शेततळं करूच नको असं आहे का?

वैदेही_दापोली

तसं नाही, मला उपयोग होतो. मापाचं करा, एवढंच. कलमांना किती पाणी लागतं ते काढलंत का?

माणदेशी

मीच काढून देतो. 100 कलमं, आठवड्याला प्रत्येकी 30 लिटर, म्हणजे 3000 लिटर. नोव्हेंबर ते मे 30 आठवडे धरले तर 90 हजार लिटर. आणि तुमचं 30 बाय 30 बाय 3 चं तळं, बाजूंना एकास एक उतार दिला तर जवळपास 22 लाख लिटरचं होतं. शंभर कलमांना हे म्हणजे चहा करायला हंडा चढवण्यासारखं.

मात्र अगदी लहानही करू नका. दिवसाला 5 मिलिमीटर ऊन पितं असं धरलं तर आठ महिन्यांत सव्वा मीटर पातळी उन्हातच जाते. 10 बाय 10 बाय 3 चं तळं दीड लाख लिटरचं, त्यातलं निम्म्याच्या आसपास ऊन घेऊन जाईल आणि तुमचे 90 हजार जेमतेम निघतील किंवा निघणारही नाहीत. 12 बाय 12 केलं तर अडीच लाख लिटर, त्यात वैदेहीताईंचं हातभर पाणीही राखता येईल. भरायची काळजी तुम्हाला नाहीच. 3000 मिलिमीटर पावसाला तळ्याच्या तोंडावर पडलेलंच ते भरून टाकेल, वाहून आणायची गरज नाही. आम्हाला याचा हेवा वाटतो हो.

सिव्हिल_सावंत

आणि बंधारा? तो सगळे विसरलेत.

वायंगण

सावंतकाका, मी विसरलो नाही, आमच्या व्हाळातच आहे. दहा वर्षांपूर्वी एका खात्याने बांधला. भिंत अजून खणखणीत, पण पाणी भिंतीच्या शेजारून जातं. एका बाजूला कातळात घुसवला, दुसऱ्या बाजूला मातीत टेकवून सोडला. दुसऱ्याच पावसाळ्यात तिकडची बगल कापून व्हाळाने नवीन वाट केली. पुढे बगल भरून घेतली तर आत दगडगोटे आणि रेती भरली, कारण पावसाळ्यात बंधाऱ्याच्या दारांतल्या फळ्या काढायच्या कुणी हे ठरलेलं नव्हतं. आता तिथे क्रिकेट खेळतात.

म्हणून वाडीने परत जुना धंदा सुरू केला. दसरा झाला, व्हाळाचं पाणी घोट्यापर्यंत आलं की एक रविवार. जागा अशी की तळाला कातळ उघडा आहे आणि दोन्ही काठ जवळ आलेत. आधी तळातली रेती, पालापाचोळा खरवडून कातळापर्यंत साफ करायचं, हे चुकलं तर सगळं पाणी खालून जातं. मग दगडांची रास, वरच्या अंगाला उतरती. तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि कागदाचं खालचं टोक वरच्या अंगाला चर मारून त्यात चिकणमातीने दाबायचं. सगळा जीव त्या टोकात आहे. वरून पुन्हा दगड. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शिकवलेला कोकण विजय बंधारा तो हाच. कागदाऐवजी मातीच्या गोणी रचल्या की वनराई बंधारा. आमच्याकडे बारा माणसं, एक दिवस, आणि दुपारी कुळथाची पिठी-भात. मेमध्ये कागद काढून घडी करून समाजमंदिरात.

सिव्हिल_सावंत

बगल मातीत टेकवली ही चूकच. काठात दीड-दोन मीटर आत घ्यायला हवी होती. पण तुमच्या दगडाच्या राशीने विहिरीला किती फरक पडला, मोजलंत का?

वायंगण

मोजलं. दर रविवारी विहिरीत दोर सोडून गाठ मारतो. पहिल्या वर्षी पाणी आदल्या वर्षीपेक्षा तीन आठवडे जास्त टिकलं. पण खरं सांगतो, त्या वर्षी पाऊसही दिवाळीपर्यंत लांबला होता. त्यामुळे बंधाऱ्याचं किती आणि पावसाचं किती, मला सांगता येणार नाही. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाच्या दोन विहिरींना फायदा दिसतो, वरच्या अंगाला एक विहीर आहे तिला काहीच नाही.

सुलभा_रत्नागिरी

बरोबर मोजताय. चाकरमानी, तुम्ही काही बांधायच्या आधी एक करा. व्हाळाला वरून कुठे झरा मिळतो का बघा, आणि असला तर शिमग्याला गेल्यावर त्याला पाइपचा तुकडा लावून खाली 15 लिटरची बादली धरा. भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. मार्चमधली ती धार हाच तुमचा खरा साठा. बाकीचं सगळं अंदाजपंचे.

कुडाळकर_बाबल्या

शिमग्यात बादली घेऊन झऱ्यावर बसलेलो चाकरमानी बघून गाव काय म्हणतला ता आधी लिव.

हिवरेभक्त

माणदेशी, नियमांचं पटलं. माझा प्रतिसाद घाईचा होता.

चाकरमानी७४ (चार आठवड्यांनी)

गावाहून आलो. बाबल्या, गावाने विचारलं, पोरांनी पालखी सोडून बादलीभोवती गर्दी केली.

सड्याच्या कडेला, आमच्या उताराच्या वरच, करवंदीच्या जाळीत झरा निघाला. लहानपणी तिथे गुरं पाणी प्यायची, मी विसरूनच गेलो होतो. जाळी तोडून पायपाचा तुकडा बसवला, फटीत चिकणमाती कोंबली. 15 लिटरची बादली भरायला 3 मिनिटं 20 सेकंद. तीन वेळा मोजलं, पाच-दहा सेकंदांचा फरक. म्हणजे दिवसाला साधारण 6500 लिटर. कलमांना आठवड्याला लागतं 3000!

जेसीबीची तारीख रद्द केली. व्हाळातला दगडाचा बंधारा ऑक्टोबरात करायचा, वाडीतले आठजण तयार आहेत. उताराला हात लावत नाही. झऱ्यापाशी 5000 लिटरची टाकी आणि तिथून उताराने नळी, पंपाचीही गरज नाही.

माणदेशी

झकास. फक्त ती मार्चची धार आहे. एप्रिलअखेर आणि मेअखेर परत मोजून घ्या, निम्म्याच्या खाली गेली तर 12 बाय 12 चा विचार जिवंत ठेवा.

वैदेही_दापोली

आणि पाण्याचा सगळा ओघ टाकीत घेऊ नका, जाळीतल्या पाखरांना थोडं वाहू द्या.

चाकरमानी७४

मेमध्ये पुतण्याला मोजायला सांगितलंय. एक अडचण आहे. मोजणीचा नकाशा काढून बघितला तर झरा आमच्या हद्दीच्या बाहेर, चार हात पलीकडे. ती जमीन सामाईक, सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातले दोघे बडोद्याला आणि एक चुलतकाका गेली नऊ वर्षं आमच्याशी बोलत नाहीत.

कुडाळकर_बाबल्या

ह्या शेडीतून पाणी खाली जाना नाय.

सिव्हिल_सावंत

काकांना टाकीतून एक तोटी त्यांच्या बाजूला द्या. लेखी करून घ्या. साक्षीदार दोन.

चाकरमानी७४

तोटीचं सुचलंच नव्हतं. त्यांच्या आंब्यांनाही मेमध्ये पाणी लागतंच. आज रात्री आईला फोन करायला सांगतो, तिच्याशी ते बोलतात.

मत्स्यप्रेमी

5000 लिटरच्या टाकीत गप्पी तरी सोडा. डास होतील.